टाइमलॅप्सचे कट दरवेळी शेवटाकडे बीट सोडतात: आकाशकंदिलाच्या रीलवर तीन दिवाळ्या घालवल्यावर सापडलेली कारणं

प्रॉब्लेम आधी सांगते, म्हणजे तुमचाही हाच आहे का ते कळेल. कंदील बनवण्याचा टाइमलॅप्स आहे, अर्ध्या मिनिटाचा, बोलणं नाही, फक्त गाणं आणि चारपाच शब्दांचे कॅप्शन. सुरुवातीला सगळं ठोक्यावर बसतं, एकदम मस्त वाटतं, मग मधे कुठेतरी काहीतरी खटकायला लागतं पण बोट ठेवता येत नाही, आणि शेवटी जिथे दिवा लागतो तिथे तर मजाच जाते. कॅप्शन पण असे उडत येतात जातात की बनवणाऱ्यालाच वाचता येत नाहीत. मी एडिट परत केलं, गाणं बदललं, अ‍ॅप बदललं, आणि दरवर्षी तेच. हे एका कारणाने होत नाही, दोनतीन वेगवेगळी कारणं असतात आणि ती दिसायला सारखी दिसतात, म्हणून आपण चुकीचं काहीतरी दुरुस्त करत बसतो.

मला याचा उलगडा झाला तो काकांमुळे. आमचे काका दरवर्षी कामट्यांचा चांदणीचा कंदील करतात आणि बाकी वर्षभर भजनी मंडळात ढोलकी वाजवतात. मी रील दाखवली, त्यांनी मांडीवर ताल धरून पूर्ण बघितली आणि म्हणाले, "अगं, दिवा समेवर आलाच नाही. एक मात्रा आधी लागला. आणि मधे तिसऱ्या आवर्तनानंतर तू पूर्ण उलट्यावर गेलीयेस, मग परत आलीस." मात्रा म्हणजे एक ठोका, आवर्तन म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, आणि सम म्हणजे त्या फेरीचा पहिला ठोका. मला वाटलं काका उगाच ताणतायत. मग फ्रेम मोजल्या तर ते जे बोलले ते फ्रेमला फ्रेम खरं निघालं.

हिशोब असा होता. गाणं ११० बीपीएमचं, व्हिडिओ ३० फ्रेमचा. म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम आणि मिनिटाला ११० ठोके, तर एका ठोक्याला १६.३६ फ्रेम येतात. आता पॉइंट छत्तीस फ्रेम असा प्रकार टाइमलाइनवर नसतोच, म्हणून मी काय केलं, १६ फ्रेमचा एक तुकडा केला आणि तेच माप पुढे पुढे कॉपी करत गेले, दोन ठोक्यांना ३२, चार ठोक्यांना ६४. बरोबर वाटतं ना? पण प्रत्येक ठोक्याला ०.३६ फ्रेम खाल्ली जातेय आणि ती जमा होत जातेय. आठ ठोक्यांनी, म्हणजे केरव्याच्या एका आवर्तनाने, जवळजवळ तीन फ्रेम गेल्या. तीन आवर्तनांनी साडेआठच्या आसपास, आणि एक ठोका सोळा फ्रेमचा, म्हणजे बरोब्बर अर्धा ठोका चुकला, कट नेमके दोन ठोक्यांच्या मधे पडायला लागले, हेच काकांचं "उलट्यावर". सहा आवर्तनांनंतर १७ फ्रेम, म्हणजे एक पूर्ण ठोका आणि वर एक फ्रेम. म्हणून शेवटी कानाला परत जुळल्यासारखं वाटतं कारण कट ठोक्यावरच पडतोय, फक्त चुकीच्या ठोक्यावर. दिवा सम यायच्या आधीच लागून मोकळा. मी तीन वर्षं "शेवटी तर जुळतंय की" असं म्हणून मधला भाग दुरुस्त करत बसले होते!

१२० बीपीएमला हा त्रास होत नाही, कारण तिथे ठोका नेमका १५ फ्रेमचा येतो. १०० ला १८, ९० ला २०, हे पण पूर्ण आकडे. म्हणूनच कधीकधी एखादी रील अचानक परफेक्ट बसते आणि आपल्याला वाटतं आज हात चांगला चाललाय. हात तोच असतो, गाणं सोयीचं निघालेलं असतं.

आता दुरुस्ती. तुकड्यांची लांबी बेरीज करत जायचंच नाही. प्रत्येक कटची जागा शून्यापासून मोजायची. म्हणजे "मागच्या कटनंतर १६ फ्रेम" असं नाही, तर "सुरुवातीपासून अमुक नंबरचा ठोका कुठल्या फ्रेमवर येतो" असं. गूगल शीटमधे पहिल्या कॉलममधे ठोक्याचा नंबर टाका, पहिला ठोका म्हणजे 0, आणि शेजारी हे:

```
=INT(A2*60*30/110)
```

३० च्या जागी तुमचा फ्रेमरेट, ११० च्या जागी तुमच्या गाण्याचा बीपीएम. माझ्या गाण्यात दर आठव्या ठोक्याला सम धरली तर समा येतात 0, 130, 261, 392, 523, 654, 785 या फ्रेमवर. माझ्या जुन्या एडिटमधे त्याच समा 128, 256, 384, 512, 640, 768 वर होत्या. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या की फरक २, ५, ८, ११, १४, १७ असा वाढत जाताना डोळ्यांनीच दिसतो. या सात आकड्यांवर टाइमलाइनमधे मार्कर टाकायचे, रिझॉल्व्ह किंवा प्रीमियर असेल तर M दाबून, मोबाइल अ‍ॅप असेल तर जिथे मार्कर किंवा बीटचं बटण असेल तिथे, आणि मग क्लिप त्या मार्करना चिकटवायच्या, क्लिपच्या लांबीकडे बघायचंच नाही. कुठला तुकडा १३० चा होईल कुठला १३१ चा, होऊ दे.

एक गोष्ट इथे राहिली तर सगळं एकसारखं सरकतं. गाण्याचा पहिला ठोका फाइलच्या पहिल्या फ्रेमवर नसतो, आधी थोडी शांतता किंवा एखादा सूर असतो. वेव्हफॉर्म मोठा करून पहिल्या ठोक्याचा कडा जिथे उभा राहतो तिथून गाणं कापा, तो कडा म्हणजे तुमचा शून्य.

INT का, राउंड का नाही, असं आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं होतं. INT खालचा पूर्णांक देतो, म्हणजे चित्र ठोक्याच्या नेमकं वर किंवा एक फ्रेमभर आधी पडतं, उशिरा कधीच नाही. माणसाचं असं आहे की आधी दिसलं आणि मग ऐकू आलं तर चालतं, लांबचा फटाका आधी दिसतो मग वाजतो, त्याची सवय आहे आपल्याला. आधी आवाज आणि मग चित्र हे मात्र लगेच खटकतं. टीव्ही प्रसारणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची बीटी.१३५९ नावाची शिफारस आहे, तिच्यात हे आकड्यात दिलंय, आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लोकांना कळायला लागतं, पण मागे राहिला तर सुमारे १२५ पर्यंत कळत नाही. एक फ्रेम ३३ मिलिसेकंदाची. म्हणजे कट दोन फ्रेम उशिरा पडला तर पकडले गेलात, तीन फ्रेम आधी पडला तर सुटलात. ते आकडे मुळात बोलणाऱ्या माणसाच्या ओठांच्या हिशोबाने वापरतात, पण कटच्या बाबतीत मला अनुभव तोच आला.

पण थांबा, हे सगळं करायच्या आधी तुमचा रोग हाच आहे का ते बघा. गाणं लावून तीन जागी थांबा, पहिली सम, मधली कुठलीतरी, आणि शेवटची, आणि प्रत्येक ठिकाणी कट आणि वेव्हफॉर्मचा कडा यांच्यात किती फ्रेमचं अंतर आहे ते लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे. अंतर हळूहळू वाढत गेलेलं असेल तर वर सांगितला तोच प्रकार, किंवा बीपीएमच चुकीचा धरलाय. अंतर तिन्हीकडे सारखंच असेल, समजा सगळीकडे पाच फ्रेम उशीर, तर बहुतेक तुम्ही ब्लूटूथ इअरफोन लावून कानाने मार्कर मारलेत. ब्लूटूथला आवाज उशिरा पोचतो, १५०-२०० मिलिसेकंद सहज, म्हणजे चारपाच सहा फ्रेम, आणि आपण ऐकून बटण दाबतो तेव्हा टाइमलाइन पुढे गेलेली असते. सगळे मार्कर एकदम निवडून तेवढे मागे ढकला की झालं, आणि पुढच्या वेळी वायरचा इअरफोन. आणि तिसरा प्रकार, पहिल्या दोन ठिकाणी बरोबर आणि मग अचानक उडी, तर उडी नेमकी कुठल्या क्लिपपासून आहे ते शोधा, तिथे हमखास एकतर ट्रान्झिशन असतं (काही अ‍ॅपमधे ट्रान्झिशन टाकलं की दोन क्लिप एकमेकींवर सरकतात आणि पुढचं सगळं तेवढं अलीकडे येतं, आणि अ‍ॅप हे सांगत नाही), नाहीतर संध्याकाळी कमी उजेडात शूट केलेली मोबाइलची क्लिप असते. कमी उजेडात बरेच फोन आपणहून फ्रेमरेट कमी करतात आणि एकाच फाइलमधे कमीजास्त होत राहतो. कॉम्प्युटरवर तपासायचं असेल तर ffmpeg हे फुकट मिळणारं साधन टाकून टर्मिनलमधे:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate diva.mp4
```

दोन आकडे बऱ्यापैकी वेगळे आले तर फाइल अशी लंगडी आहे, ती एकदा सरळ ३० ला करून घ्यायची आणि मगच टाइमलाइनवर आणायची:

```
ffmpeg -i diva.mp4 -vf fps=30 -c:a copy diva30.mp4
```

२९.९७ की ३० यावर लोक फार भांडतात. अर्ध्या मिनिटाच्या रीलमधे त्याने एक फ्रेमचाही फरक पडत नाही, तो विषय सोडा.

बीपीएम चुकीचा धरला जाणं मात्र खरंच होतं. अ‍ॅप कधी ११० च्या जागी ५५ सांगतं कधी २२०, ते लगेच ओळखू येतं, पण १०९.५ ला ११० सांगितलं तर कळत नाही. खात्री करायची तर गाण्यातला पहिला ठोका आणि शेवटाजवळचा एखादा ठोका वेव्हफॉर्मवर पकडा, पहिल्याला शून्य धरून त्या शेवटच्यापर्यंत ठोके मोजा, ६० गुणिले ठोके भागिले सेकंद. कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. समजा सगळे कट फ्रेमला फ्रेम बसले. तरीही रील बघताना ठोका लागत नाही. का, तर टाइमलॅप्समधे ठोक्यावर ठेवायला काही घडतच नसतं. हात नुसते वळवळत असतात, सतत. ढोलकीवर थाप पडते तेव्हा एक क्षण असतो, टाइमलॅप्समधे गाठ बांधण्याला असा क्षण नाही, दोऱ्याचे वेढे कधी सुरू झाले कधी संपले कळत नाही. आणि फोनचा तयार टाइमलॅप्स मोड लावला तर अजून वाईट, कारण आयफोनसारख्या फोनमधे जितका जास्त वेळ शूट कराल तितकं दोन फ्रेममधलं अंतर फोन वाढवत नेतो, म्हणजे तीन तास चालू ठेवला तर वीस सेकंदात बांधलेल्या गाठीच्या वाट्याला जेमतेम एकदोन फ्रेम येतात आणि खळ वाळायची वाट बघण्याच्या वाट्याला ढीगभर.

यावर उपाय एडिटिंगमधे नाही, शूटिंगमधे आहे. एकच लांब टाइमलॅप्स करायचा नाही, टप्प्याटप्प्याने वेगळा करायचा. काकांचा कंदील पाच टोकांच्या चांदणीचा, सगळा हिशोब आधीच ठरलेला असतो, प्रत्येकी १८ इंचाच्या दहा कामट्या, पाच कामट्यांची एक सपाट चांदणी, पाचांची दुसरी, मग दोन्ही एकावर एक ठेवून पाची टोकं एकत्र बांधायची आणि आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत आखूड काड्या आडव्या उभ्या करायच्या, की सपाट चांदणी फुगून उठते. मग पतंगाचा कागद खळीने, कडांना सोनेरी पट्टी, खाली झिरमिळ्या. (हाच सांगाडा दीड महिन्याने वसईत आणि गोव्यात नाताळचा तारा होतो, कागद तेवढा बदलतो.) हे सहा टप्पे आणि सातवा दिवा, म्हणून सात आवर्तनं, साधारण साडेतीस सेकंद.

प्रत्येक टप्पा दर दोन सेकंदाला एक फोटो असा शूट केला, आणि टप्पा संपला की काकांना सांगितलं, हात पूर्ण बाहेर काढा आणि दहा पर्यंत मोजा. दहा सेकंद म्हणजे पाच फ्रेम, तेवढ्यात चित्र स्तब्ध. पहिल्यांदा काका वैतागले, "काम करू की पुतळा होऊ?" पण याच पाच फ्रेम म्हणजे तुमची थाप. ठोक्यावर कट ठेवायचाच नाही, ठोक्यावर हात बाहेर गेल्याची पहिली फ्रेम ठेवायची. म्हणजे आवर्तनभर हात पळतायत, पळतायत, आणि समेवर हात गायब आणि समोर पूर्ण झालेली चांदणी. पुढच्या पाच फ्रेम काही हलत नाही, मग पुढचा टप्पा सुरू. हे एकदा करून बघा, त्याच गाण्यावर तीच रील वेगळीच वाटायला लागते. पाच कमी वाटल्या तर शेवटची फ्रेम फ्रीझ करून आठ करा, पण बारा पंधराच्या पुढे गेलं की व्हिडिओ अडकला असं वाटून लोक वर सरकवतात.

सगळ्यात भारी थाप कुठली माहितीये? दिवा नाही, सपाट चांदणी फुगते ती. दिव्याची सगळे वाट बघत असतात, हे कोणी धरून चाललेलं नसतं. ती मी तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी, म्हणजे 392 वर ठेवली, आणि तिच्या आधी पाची आखूड काड्या एकेका ठोक्यावर एकेक अशा बसवल्या, शेवटची बरोबर समेवर. बाकी कुठेही प्रत्येक ठोक्याला काही नाही. प्रत्येक ठोक्याला कट मारणं ही माझी पहिल्या वर्षीची हौस होती, पंचावन्न कट! बघणाऱ्याला कंदील कसा झाला ते कळलंच नाही, शेवटी आत्याने विचारलं, "विकत आणला का गं?"

टप्प्याला फ्रेम जास्त झाल्या तर? एक तासाचं काम दोन सेकंदाला एक फोटोने १८०० फ्रेम होतं आणि जागा आहे १३०. सरसकट वेग वाढवू नका. आवर्तनाच्या सुरुवातीचा भाग भरपूर वेगात न्या, आणि शेवटचे दोन ठोके, म्हणजे ३२-३३ फ्रेम, मूळ गतीच्या जवळ ठेवा, शेवटची गाठ, शेवटची कड. डोळा शेवट बघतो. आणि वेग बदलला की क्लिपची लांबी बदलते, म्हणून वेगाचं काम आधी संपवा, मग मार्करला चिकटवा. उलट केलं तर सगळं परत.

कॅप्शनवर येते. इथे सगळे एकच चूक करतात, कॅप्शन पण ठोक्यावर आणि थाप पण ठोक्यावर. समेवर चांदणी फुगली आणि त्याच फ्रेमला खाली अक्षरं आली, आता डोळ्याने काय बघायचं? दोन्हीतलं एक हुकणारच. काकांना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, केरव्यात सम पहिल्या मात्रेवर आणि खाली, म्हणजे जिथे ताल हलका होतो ती मात्रा, पाचवीवर, सगळं समेवर कशाला कोंबतेस, खाली मोकळीच आहे की. मग थाप समेवर, कॅप्शन पाचव्या मात्रेवर, असं केलं. थाप बघून झाली, हात परत कामाला लागलेत, त्या वेळात डोळा रिकामा असतो, तेव्हा शब्द आला तर वाचला जातो, आणि तोही ठोक्यावर आल्यामुळे आगंतुक वाटत नाही. शीटमधे तोच फॉर्म्युला, ठोका 4, 12, 20, 28, 36, 44 टाकले की 65, 196, 327, 458, 589, 720. कॅप्शन तिथून पुढच्या समेपर्यंत, चार मात्रा, ११० ला दोन सेकंदांच्या जरा वर. दोनतीन शब्दांना तेवढं लागतंच. ठोक्याठोक्याला शब्द बदलला तर एका शब्दाला अर्धा सेकंद मिळतो, नेटफ्लिक्ससुद्धा आपल्या सबटायटलना कमीतकमी पाच षष्ठांश सेकंद ठेवायला सांगतं, आणि तिथे माणूस सोफ्यावर बसून लक्ष देऊन बघत असतो, लोकलमधे एका हाताने फोन धरून नाही.

गाणं इंग्रजी असो की पाश्चात्त्य बीट असो, याने फरक पडत नाही, दोन बार म्हणजे आठ ठोके, आवर्तन म्हणा की काही म्हणा. फक्त तीनच्या चालीतलं गाणं असेल, दादऱ्यासारखं सहा मात्रांचं, तर आठच्या हिशोबाने केलेलं सगळं गडबडतं, तिथे सहा सहाने मोजा, सम पहिल्यावर, कॅप्शन चौथ्यावर, आणि कॅप्शनला तीनच मात्रा मिळणार म्हणून शब्द अजून कमी.

कॅप्शनमधे लिहायचं काय? मी आधी लिहायचे "कामट्या बांधताना", "कागद चिकटवताना". अरे दिसतंय की! जे चित्रात दिसत नाही तेवढंच लिहायचं, असं ठरवल्यावर माझे शब्द निम्म्यावर आले. कामट्या दिसतात, किती आणि केवढ्या ते दिसत नाही, म्हणून "दहा कामट्या, १८ इंच". दुसऱ्या चांदणीला काहीच नाही. फुगायच्या आधीच्या खालीच्या मात्रेवर "आता पाच काड्या", म्हणजे लोक मोजायला लागतात आणि ठोके आपोआप ऐकू यायला लागतात. कागदाला "मैद्याची खळ", कारण पांढरं काय आहे ते कळत नाही. सोनेरी पट्टीच्या आवर्तनात "रात्रभर वाळवला", कारण टाइमलॅप्समधून नेमका वेळच गायब होतो. झिरमिळ्यांना काही नाही आणि दिव्याला तर बिलकुल नाही. चारच कॅप्शन. आठ ठोके शब्द नसला की पुढचा शब्द आला तर वाचावासा वाटतो.

मराठी कॅप्शनचा एक खास त्रास, जो इंग्रजीवाल्यांना कळणार नाही. अक्षर अक्षर टाइप होत येतं ना, टाइपरायटर इफेक्ट, तो देवनागरीला लावू नका. अ‍ॅप प्रत्येक चिन्ह वेगळं मोजतं, त्यामुळे "कामट्या" लिहिताना आधी "कामट" मग खाली पाय मोडका "ट्" आणि मग एकदम "ट्या", आणि "चिकट"ची वेलांटी आधी च येऊन मग मागून त्याच्या डावीकडे उडी मारते. बीटवर अक्षरं येताना हे इतकं फडफडतं की ठोकाच चुकल्यासारखा वाटतो, मी एकदा यावर अर्धा दिवस घालवला, वाटत होतं टायमिंग गडबडलंय. शब्दशः येणारा किंवा पूर्ण ओळ एकदम येणारा इफेक्ट घ्या. हळूहळू उजळणारा पण नको, तो सहासात फ्रेम खातो आणि शब्द नक्की कुठल्या ठोक्यावर आला ते कळत नाही. येताना एकदम, जाताना हवं तर हळू. आणि काही टेम्प्लेटच्या बॉक्समधे वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात, ओळीची उंची वाढवा किंवा मुक्ता, बलू असे देवनागरीसाठी नीट केलेले फाँट घ्या.

राहिला दिवा. तो टाइमलॅप्समधे घेऊच नका. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर दिवा लागला की कॅमेरा आधी चकाकतो, मग हळूहळू सावरतो, त्या सावरण्यात दहापंधरा फ्रेम जातात, आणि थापेचा पसारा होतो. हा शॉट वेगळा, साध्या व्हिडिओत. आधी दिवा लावूनच कंदिलावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, मग दिवा बंद करून रेकॉर्डिंग सुरू करा, चित्र जवळजवळ काळं दिसेल, दिसू दे, तेच हवंय, आणि मग बटण. सहावं आवर्तन संपताना काळोख आणि 785 ला उजेड. काळं किती ठेवायचं, तर मी चार मात्रा ठेवलं, 720 पासून, जिथे इतर वेळी कॅप्शन आलं असतं तिथे काळोख आला. शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून एलईडीचे पट्टे दिसत नाहीत. आणि बटणाचा खटका ऐकून फ्रेम ठरवू नका, काही एलईडी बल्ब खटक्यानंतर क्षणभराने लागतात. कागद उजळलेली पहिली फ्रेम डोळ्याने शोधा, ती 785 वर.

यंदा काका म्हणाले गाणं कशाला, मीच वाजवतो. त्याने कॉपीराइटची कटकट गेली, पण वरचा फॉर्म्युला पण गेला, कारण माणूस वाजवतो तेव्हा लय सरकते. काकांचं पहिलं आवर्तन ४.४ सेकंदाचं आणि शेवटचं ४.१ चं निघालं, रंगात आले की चढतात. अशा वेळी बीपीएम विसरा, प्रत्येक समेची थाप वेव्हफॉर्मवर बघून हाताने मार्कर टाका, ढोलकीच्या थापेचा कडा उभा असतो, सहज दिसतो, आणि दोन समांच्या मधलं अंतर अर्धं करून तिथे खालीचा मार्कर. सात आवर्तनांचे चौदा मार्कर, दहा मिनिटं. कानात मेट्रोनोम लावून वाजवा असं सुचवून बघितलं, एकदा वाजवलं, ऐकलं, आणि म्हणाले हे नको, मेलेलं वाटतंय.

शेवटी एक्स्पोर्ट. टाइमलाइन ३० ची असेल तर एक्स्पोर्ट पण ३० च, ऑटो नको. गाणं एडिटमधेच राहू द्या. म्यूट करून अपलोड केलं आणि तेच गाणं तिथे परत लावलं तर सुरुवातीची जागा बोटाने सरकवायची असते, फ्रेमवर बसत नाही, आणि सगळीकडे सारखाच उशीर किंवा सारखंच आधी असं दिसतं, म्हणजे ब्लूटूथवाला प्रकार वाटतो पण असतो हा. तपासताना फोनच्याच स्पीकरवर ऐका, आणि फक्त तीन जागा बघा, 130, 392 आणि 785.